ईसॉपचा खर्च वर्षांवर कसा पसरतो? हिशेब करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ईसॉप योजनेतून कर्मचाऱ्यांना शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचा शेअर घेण्याचा हक्क, दिले की मार्चअखेरीस अकाउंट्समध्ये ठरलेले प्रश्न सुरू होतात. खाली त्यांचीच उत्तरं आहेत. भर एकाच गोष्टीवर आहे, ती म्हणजे व्हेस्टिंगच्या काळात, म्हणजे ऑप्शनवरचा हक्क पक्का होईपर्यंतच्या काळात, खर्च कोणत्या वर्षी किती दाखवायचा. नियम इंड एएस १०२ या भारतीय लेखामानकाचे आहेत. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही, त्यांच्यासाठी आयसीएआय या सनदी लेखापालांच्या संस्थेची २०२० सालची सुधारित गाइडन्स नोट आहे. १ एप्रिल २०२१ पासून दिलेल्या ऑप्शन्सना ती लागू होते आणि या लेखातल्या मुद्द्यांपुरती ती त्याच वाटेने जाते.

सगळ्या उत्तरांसाठी एकच काल्पनिक कंपनी घेतली आहे. पुण्यातली एक सॉफ्टवेअर कंपनी, शेअर बाजारात नोंदलेली नाही. १ एप्रिल २०२३ रोजी तिने ३० जणांना प्रत्येकी ९०० ऑप्शन दिले. त्यातले ३०० एका वर्षाने व्हेस्ट होतात, ३०० दोन वर्षांनी आणि ३०० तीन वर्षांनी. अट एकच, त्या तारखेला माणूस नोकरीत हवा. ऑप्शन वापरण्याची किंमत, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, १५० रुपये. त्या दिवशी शेअरचं मूल्य १५५ रुपये.

कंपनीच्या बँकेतून एक रुपयाही जात नाही. मग खर्च कसला?

माणसाने काम केलं आणि त्याचा काही मोबदला पगाराऐवजी ऑप्शनच्या रूपाने मिळाला. काम वापरून झालं, म्हणून खर्च. पैसे गेले नाहीत म्हणून जमेची बाजू बँकेत न जाता इक्विटीत जाते. खर्चाने शिल्लक नफा जेवढा कमी होतो, तेवढीच रक्कम ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग’ या खात्यात वाढते, त्यामुळे एकूण इक्विटी जागच्या जागी राहते. किंमत मोजतात ते जुने भागधारक, कारण उद्या शेअर स्वस्तात दिले गेले की त्यांचा वाटा पातळ होतो.

संस्थापकांना हे पटायला वेळ लागतो. ‘नफा उगाच कमी दिसतो’ ही तक्रार दरवर्षी येते. पण हेच काम रोख बोनस देऊन करून घेतलं असतं, तर तो खर्च दाखवायला कोणीच हरकत घेतली नसती.

एका ऑप्शनची किंमत पाच रुपये धरायची ना? शेअर १५५ चा, किंमत १५०.

ते झालं अंतर्गत मूल्य, म्हणजे इंट्रिन्सिक व्हॅल्यू. जुन्या गाइडन्स नोटमध्ये ते चालायचं आणि अनेक कंपन्यांना प्रियही होतं, कारण एक्सरसाइज प्राइस बाजारभावाइतकी ठेवली की खर्च शून्य. आता न्याय्य मूल्य धरावं लागतं. अंतर्गत मूल्याची वाट उरली आहे ती फक्त न्याय्य मूल्य विश्वासार्हपणे काढताच येत नसेल अशा दुर्मीळ प्रसंगासाठी.

फरक का पडतो ते पाहा. पुढची काही वर्षं शेअर वर गेला तर १५० मध्ये घ्यायचा आणि खाली गेला तर सोडून द्यायचा, असा हक्क माणसाच्या हातात आहे. या वाट बघण्याच्या हक्कालाच किंमत आहे. ती काढायला बहुतेक ठिकाणी ब्लॅक-शोल्स सूत्र वापरतात. त्यात सहा गोष्टी घालाव्या लागतात: शेअरचं आजचं मूल्य, एक्सरसाइज प्राइस, ऑप्शन किती वर्षं हातात राहील याचा अंदाज, भावातली अपेक्षित चढउतार, जोखीममुक्त व्याजदर आणि लाभांश.

आपल्या कंपनीत व्हेस्ट झाल्यावर चार वर्षांत ऑप्शन वापरायचे आहेत. लोक ते सरासरी मधल्या टप्प्यावर वापरतील असं धरलं, तर तीन हप्त्यांचं अपेक्षित आयुष्य तीन, चार आणि पाच वर्षं येतं. चढउतार ४५ टक्के, व्याजदर ७ टक्के, लाभांश नाही. सूत्रातून आलेली मूल्यं साधारण ६०, ७० आणि ७८ रुपये. हातात जास्त वर्षं, म्हणून मूल्य जास्त.

यातला सगळ्यात नाजूक आकडा चढउताराचा. कंपनी नोंदणीकृत नसल्याने तिच्या शेअरचा इतिहासच नसतो, म्हणून त्याच व्यवसायातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे भाव घेऊन अंदाज करतात. मूल्यांकनाचा अहवाल हातात आला की आधी कोणत्या कंपन्या निवडल्यात ते बघा. सॉफ्टवेअर कंपनीसाठी पोलाद कंपन्यांची चढउतार घेतली असेल, तर पुढचं सगळं गणित कितीही नीटनेटकं असो, त्याला अर्थ नाही.

पुढच्या वर्षी शेअर निम्म्यावर आला. आता ६०-७०-७८ बदलायचे का?

नाही. शेअर देऊन भागवल्या जाणाऱ्या ऑप्शनचं मूल्य ग्रँटच्या, म्हणजे ऑप्शन दिल्याच्या, दिवशी एकदा गोठतं. भाव पडो वा दुप्पट होवो, दर तोच. बदलते ती फक्त ऑप्शन्सची संख्या.

एकूण खर्चाला तीनने भागून दरवर्षी समान रक्कम का नाही टाकायची?

ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

इंड एएस १०२ च्या नजरेत हे ९०० ऑप्शन म्हणजे एक ग्रँट नाही, तीन ग्रँट आहेत. पहिल्या ३०० साठी माणसाने एक वर्ष काम करायचं. दुसऱ्या ३०० साठी दोन वर्षं, आणि ती दोन वर्षं पहिल्याच दिवशी सुरू होतात, पहिला हप्ता संपल्यावर नाही. तिसऱ्याची तीन वर्षंही त्याच दिवशी सुरू होतात. म्हणजे पहिल्या वर्षी माणूस तिन्ही हप्त्यांसाठी एकाच वेळी काम करत असतो, दुसऱ्या वर्षी दोन हप्त्यांसाठी आणि तिसऱ्या वर्षी एकाच.

सध्या कोणीच सोडून जात नाही असं धरू. प्रत्येक हप्त्यात ९,००० ऑप्शन. पहिल्या हप्त्याची किंमत ५,४०,००० रुपये, दुसऱ्याची ६,३०,०००, तिसऱ्याची ७,०२,०००. एकूण १८,७२,०००.

| | २०२३-२४ | २०२४-२५ | २०२५-२६ |
|---|---|---|---|
| पहिला हप्ता | ५,४०,००० | | |
| दुसरा हप्ता | ३,१५,००० | ३,१५,००० | |
| तिसरा हप्ता | २,३४,००० | २,३४,००० | २,३४,००० |
| एकूण | १०,८९,००० | ५,४९,००० | २,३४,००० |

तीनने भागलं असतं तर दरवर्षी ६,२४,००० आले असते. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी एकूण खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग येतो. ऑप्शन पहिल्यांदाच देणाऱ्या कंपनीला हा धक्का बसतो, म्हणून संचालक मंडळाला योजनेच्या मसुद्याबरोबरच हा तक्ता दाखवलेला बरा.

अमेरिकी लेखामानकांत फक्त नोकरीची अट असेल तर समान वाटपाची मुभा आहे. परदेशातल्या मूळ कंपनीकडून आलेली एक्सेल शीट इथे जशीच्या तशी वापरली की चूक तिथूनच शिरते.

लोक मधेच सोडून जातात. त्यांचा हिशेब कसा?

दर ताळेबंदाच्या तारखेला एक प्रश्न विचारायचा: या हप्त्यातले शेवटी किती ऑप्शन व्हेस्ट होतील असं आज वाटतं? त्या संख्येला ग्रँटच्या दिवशीच्या मूल्याने गुणायचं, आजवर व्हेस्टिंगचा जेवढा काळ सरला तेवढा भाग घ्यायचा आणि मागच्या वर्षांत टाकलेली रक्कम वजा करायची. उरलं तो या वर्षीचा खर्च. मागची वर्षं उघडायची नाहीत. अंदाजातला सगळा फरक चालू वर्षात येतो.

आता खरी माणसं आणू. पहिल्या वर्षात तिघे गेले, म्हणून पहिला हप्ता २७ जणांचा व्हेस्ट झाला: ८,१०० ऑप्शन, ४,८६,००० रुपये. ३१ मार्च २०२४ रोजी एचआरचा अंदाज होता की दुसऱ्या हप्त्यापर्यंत २५ जण टिकतील आणि तिसऱ्यापर्यंत २४. दुसऱ्या हप्त्याचे ७,५०० ऑप्शन गुणिले ७० म्हणजे ५,२५,०००, त्याचा निम्मा भाग २,६२,५००. तिसऱ्याचे ७,२०० गुणिले ७८ म्हणजे ५,६१,६००, त्याचा तिसरा भाग १,८७,२००. पहिल्या वर्षाचा खर्च ९,३५,७००.

दुसऱ्या वर्षात एकच जण गेला. दुसरा हप्ता २६ जणांना मिळाला: ७,८०० गुणिले ७०, म्हणजे ५,४६,०००. त्यातले २,६२,५०० आधीच टाकलेत, राहिले २,८३,५००. तिसऱ्या हप्त्याचा अंदाज आता २५ जणांवर आला: ७,५०० गुणिले ७८ म्हणजे ५,८५,०००, त्याचे दोन तृतीयांश ३,९०,०००, वजा १,८७,२००, राहिले २,०२,८००. दुसऱ्या वर्षाचा खर्च ४,८६,३००.

तिसऱ्या वर्षी नोकऱ्यांचा बाजार तापला आणि चौघे गेले. उरले २२. तिसऱ्या हप्त्याची अंतिम किंमत ६,६०० गुणिले ७८, म्हणजे ५,१४,८००. आधीचे ३,९०,००० वजा जाता खर्च १,२४,८००.

या पद्धतीत एखाद्या वर्षी खर्च उणेही येऊ शकतो. तिसऱ्या वर्षाअखेर १५ च जण उरले असते, तर अंतिम किंमत ३,५१,००० झाली असती आणि आधीच टाकलेल्या ३,९०,००० पैकी ३९,००० परत नफ्यात आले असते. असा आकडा दिसला की लोक शीट बिघडली समजतात. तो बरोबर असतो.

कोणी सोडून जाणार नाही असं धरून चालायचं आणि जाईल तेव्हा उलटवायचं, हे चालेल?

इंड एएसखाली नाही. अंदाज आधीपासूनच करावा लागतो. गळतीचं प्रमाण मात्र सरसकट नको. वरिष्ठांची गळती आणि नुकत्याच रुजू झालेल्यांची गळती यांत मोठी तफावत असते, म्हणून निदान दोन गट करून अंदाज करावा.

माणूस स्वतः गेला नाही, कंपनीनेच काढला. तरी खर्च उलटवायचा?

हो. व्हेस्टिंगच्या काळात काम थांबलं, कारण काहीही असो, नोकरीची अट मोडली असंच धरायचं. हे मानकातच स्पष्ट लिहिलेलं आहे. कर्मचारीकपातीनंतर काढलेल्यांच्या न व्हेस्ट झालेल्या ऑप्शन्सचा खर्च परत येतो आणि त्या तिमाहीचा नफा थोडा फुगतो. आकडे वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. ज्याची नोकरी गेली त्याच्या नजरेने पाहिलं तर हा नियम कठोर वाटतो, पण हिशेबाच्या नजरेने त्याने ते काम पूर्ण केलेलं नाही एवढंच खरं. जाताना कंपनीने खास सवलत म्हणून काही ऑप्शन व्हेस्ट करून दिले, तर गोष्ट बदलते. तो अटींमधला बदल आहे आणि त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

ऑप्शन व्हेस्ट झाले, पण माणसाने वापरलेच नाहीत आणि मुदत संपली. खर्च परत?

नाही. व्हेस्टिंगच्या दिवशी तो खर्च कायमचा झाला. माणसाने काम केलं होतं. नंतर ऑप्शन वापरायचा की नाही हा त्याचा निर्णय.

आपल्या उदाहरणात तिसऱ्या वर्षी गेलेल्या चौघांकडे प्रत्येकी ६०० व्हेस्ट झालेले ऑप्शन होते. बहुतेक योजनांत नोकरी सोडल्यावर ते वापरायला थोडेच दिवस मिळतात. चौघांनीही वापरले नाहीत असं समजा. प्रत्येकाचे ३०० गुणिले ६० आणि ३०० गुणिले ७०, म्हणजे ३९,०००. चौघांचे १,५६,०००. ही रक्कम शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खात्यातून जनरल रिझर्व्हमध्ये किंवा शिल्लक नफ्यात हलवता येते. नफा-तोटा पत्रकाला तिने हात लावायचा नाही.

प्रत्यक्षात होतं असं की, एचआर सोडून गेलेल्यांची एकच यादी पाठवतं. व्हेस्टिंगआधी गेलेले कोण आणि नंतर गेलेले कोण, हे त्यात नसतं. मग सगळ्यांचेच सगळे ऑप्शन शीटमधून उडवले जातात आणि दोन वर्षांपूर्वीचा पक्का खर्च या वर्षी उलटतो. यादी मागताना शेवटचा कामाचा दिवस आणि हप्तानिहाय संख्या, दोन्ही मागा.

ऑप्शन वापरले की नोंद काय?

पहिल्या हप्त्यातले ३०० ऑप्शन एकाने वापरले, शेअरची दर्शनी किंमत १० रुपये आहे असं धरू. बँकेत ४५,००० आले, तेवढं बँक खातं नावे. या ऑप्शन्सपोटी साठवलेले १८,००० शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग खात्यातून काढा, तेही नावे. जमेला शेअर भांडवल ३,००० आणि सिक्युरिटीज प्रीमियम ६०,०००. त्या दिवशी बाजारात शेअर कितीला होता याचा या नोंदीशी संबंध नाही.

नोकरीबरोबर विक्रीचं किंवा नफ्याचं लक्ष्यही ठेवलं असेल तर?

लक्ष्य कशाशी बांधलंय यावर सगळं अवलंबून. विक्री किंवा नफ्याचं लक्ष्य असेल तर ते नोकरीच्या अटीसारखं वागतं. गाठण्याची शक्यता जास्त वाटत असेल तर खर्च धरायचा, लक्ष्य हुकलं तर उलटवायचा. शेअरच्या भावाचं लक्ष्य असेल तर ती अनिश्चितता ग्रँटच्या दिवशीच न्याय्य मूल्यात घालून टाकतात. मूल्य त्यामुळे कमी येतं, पण नंतर भाव तिथवर पोचला नाही तरी, माणूस नोकरीत राहिला असेल तर, खर्च उलटत नाही. एकही शेअर न देता खर्च मात्र पूर्ण, असं दिसतं तेव्हा ऑडिट कमिटीत हमखास प्रश्न येतो. उत्तर आधीच लिहून ठेवा.

भाव पडला म्हणून एक्सरसाइज प्राइस कमी केली. आता?

याला रीप्राइसिंग म्हणतात. इथे दोन थर होतात. मूळ खर्च जसा चालला होता तसाच चालू ठेवायचा, आणि त्यावर बदलामुळे वाढलेलं मूल्य चढवायचं.

१ एप्रिल २०२५ रोजी शेअर ९० रुपयांवर आला आणि कंपनीने तिसऱ्या हप्त्याची किंमत १५० वरून ९० केली असं समजा. त्या दिवशी जुन्या अटींवर ऑप्शनचं मूल्य १८ रुपये, नव्या अटींवर ३४. वाढीव मूल्य १६. मूळचे ७८ रुपये या तुलनेत कुठेच येत नाहीत. बदलाच्या क्षणाआधी आणि नंतर, दोन्ही मूल्यं त्याच दिवशीची. शेवटी टिकलेल्या २२ जणांचे ६,६०० ऑप्शन गुणिले १६ म्हणजे १,०५,६००. व्हेस्टिंगला एकच वर्ष उरलं होतं, म्हणून सगळे त्याच वर्षात. मूळचे १,२४,८०० धरून २०२५-२६ चा खर्च २,३०,४००. आधीच व्हेस्ट झालेल्या हप्त्यांची किंमतही कमी केली असती, तर त्यांची वाढ लगेच, एका फटक्यात खर्चात.

उलट, बदल कर्मचाऱ्याच्या तोट्याचा असेल तर तो मानायचाच नाही. किंमत १५० ची २०० केली म्हणून खर्च कमी होत नाही.

मग योजनाच रद्द केली तर उरलेला खर्च वाचेल?

उलट तो आजच येईल. माणूस सोडून जाणं आणि कंपनीने ऑप्शन रद्द करणं या हिशेबात विरुद्ध टोकाच्या गोष्टी आहेत. पहिल्यात खर्च उलटतो, दुसऱ्यात पुढच्या काळाचा राहिलेला खर्च ताबडतोब टाकावा लागतो.

१ एप्रिल २०२५ रोजी तिसरा हप्ता रद्द केला असता, तर अपेक्षित २५ जणांच्या ५,८५,००० मधून आधीचे ३,९०,००० वजा जाऊन १,९५,००० त्याच दिवशी आले असते. त्या दिवशी हजर असलेल्या सगळ्या २६ जणांचे धरले तर २,१८,४००. दोन्ही वाचनं प्रचलित आहेत. ऑडिटरशी आधी बोलून एक धरा आणि पुढेही तेच ठेवा. भाव इतका पडला की ऑप्शनला काही अर्थ उरला नाही, म्हणून रद्द करू, असं मंडळात कोणी म्हणालं की हा आकडा त्यांच्यापुढे ठेवायचा.

ग्रँटची तारीख कोणती? ऑफर लेटरवरची?

नेहमी नाही. दोन्ही बाजूंना अटी कळलेल्या हव्यात आणि लागणारी मंजुरी मिळालेली हवी. कंपनी कायद्याच्या कलम ६२ खाली योजनेला भागधारकांची मंजुरी लागते. पत्र मेमध्ये दिलं आणि भागधारकांचा ठराव सप्टेंबरमध्ये झाला, तर ग्रँटची तारीख सप्टेंबरची. पण माणूस मेपासूनच या ऑप्शन्ससाठी काम करत असेल, तर खर्च मेपासूनच सुरू होतो. मधल्या काळात मूल्याचा अंदाज धरायचा आणि ग्रँटच्या दिवशी तो पक्का करायचा. कायद्याप्रमाणे ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर हवं, हेही तारखा लिहिताना बघा.

ग्रँट वर्षाच्या मधेच झाली, किंवा व्हेस्टिंग दर महिन्याला आहे, तर?

मधे झाली तर दिवसांनी भागा. चार वर्षांची योजना, पहिलं वर्ष काहीच नाही, वर्ष भरताच पहिला हप्ता आणि मग दर महिन्याला व्हेस्टिंग, यात तत्त्वतः ३७ हप्ते होतात. शीट लांबते, तत्त्व तेच. तिमाहीचे गट केल्याने फरक किरकोळ पडत असेल तर ऑडिटर सहसा अडत नाहीत.

ऑप्शन अमेरिकेतली मूळ कंपनी देते, आम्ही हिंजवडीतली उपकंपनी. आमच्या पुस्तकात काही येतं का?

येतं. काम तुमच्याकडे झालं, म्हणून खर्च तुमचा. शेअर मूळ कंपनी देते, म्हणून जमेला मूळ कंपनीकडून आलेलं भांडवली योगदान, इक्विटीत. मूळ कंपनीने पैसे मागितले नाहीत तरीही. तिने नंतर बिल पाठवलं तर सर्वसाधारणपणे ती रक्कम त्या योगदानातून वजा होते, खर्चात दुसऱ्यांदा येत नाही. अनेक ठिकाणी बिल येईपर्यंत काहीच नोंदवत नाहीत आणि आलं की पूर्ण रक्कम एका वर्षात टाकतात. ते दोन्ही अर्थांनी चूक आहे.

शेअरऐवजी वाढलेल्या भावाची रक्कम रोख देणार असू तर?

मग हा लेख बाजूला ठेवा. ते दायित्व आहे, आणि पैसे देईपर्यंत दर ताळेबंदाला त्याचं मूल्य नव्याने काढावं लागतं. गोठलेला दर तिथे नाही.

आयकरात हाच आकडा चालतो का?

कर्मचाऱ्याच्या बाजूने याचा काहीच संबंध नाही. तो ऑप्शन वापरतो तेव्हा त्या दिवशीचं बाजारमूल्य आणि त्याने भरलेली किंमत यांतला फरक त्याच्या पगारातलं परक्विझिट ठरतो.

कंपनीच्या वजावटीवर बराच वाद झाला. बायोकॉनच्या प्रकरणात आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने २०१३ मध्ये सवलतीची रक्कम व्हेस्टिंगच्या काळात वजावटीला पात्र धरली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते मत उचलून धरलं. तिथली सवलत म्हणजे बाजारभाव आणि एक्सरसाइज प्राइस यांतला फरक. ब्लॅक-शोल्सचं मूल्य वेगळं. म्हणून पुस्तकातला खर्च आणि कर विवरणपत्रातला आकडा जुळला तरच संशय घ्या.

शीट बरोबर आहे हे लवकर कसं ओळखायचं?

वर्षाचा खर्च तपासत बसू नका, खात्याची शिल्लक तपासा. कोणत्याही तारखेला शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंगची शिल्लक स्वतंत्रपणे मांडता येते: व्हेस्ट होऊन न वापरलेले ऑप्शन त्यांच्या दराने, अधिक न व्हेस्ट झालेल्यांचा सरलेला भाग.

३१ मार्च २०२५ रोजी, कोणी काही वापरलं नाही आणि कशाचीच मुदत संपली नाही असं धरून, पहिल्या हप्त्याचे ४,८६,०००, दुसऱ्याचे ५,४६,००० आणि तिसऱ्याचे ३,९०,०००. बेरीज १४,२२,०००. दोन वर्षांचा खर्च ९,३५,७०० अधिक ४,८६,३०० हाही १४,२२,००० येतो. न जुळल्यास फरकाला त्या हप्त्याच्या दराने भागून बघा. भागाकार ३०० च्या पटीत, किंवा न व्हेस्ट झालेल्या हप्त्यात ३०० च्या सरलेल्या भागाच्या पटीत आला, तर कुठला तरी माणूस चुकीच्या यादीत बसला आहे. तसा नसेल, तर बहुतेक वेळा कोणीतरी मागचा खर्च वजा न करता या वर्षीच्या संख्येला थेट वर्षांनी भागलेलं असतं.